टर्पिनची घोडी

इंग्लंडातल्या एसेक्समधलं हेम्पस्टेड हे लहानसं खेडं. तिथे १७०५ साली रिचर्ड टर्पिन जन्मला आणि मोठा होऊन खाटीक झाला. एपिंगच्या राखीव जंगलात चोरून मारलेली हरणं त्याच्याकडे विकायला येऊ लागली. हरणचोरांशी त्याची ऊठबस वाढली, आणि पुढे तीच मंडळी रात्री एकट्यादुकट्या घरांत शिरू लागली.

१७३५ च्या फेब्रुवारीत ही टोळी लाउटन गावी शेली नावाच्या एका वृद्ध विधवेच्या घरात घुसली. पैसे कुठे ठेवलेत ते सांग, नाहीतर जाळावर बसवू, अशी धमकी तिला दिली. म्हातारीने तोंड उघडलं नाही. शेवटी आईचे हाल होतील या भीतीने मुलानेच जागा दाखवली. तीन दिवसांनी एजवेअरजवळ सत्तरीचे शेतकरी जोसेफ लॉरेन्स यांना मात्र त्यांनी खरोखरच विस्तवावर बसवलं. पिस्तुलांनी झोडपलं, डोक्यावर किटलीतलं पाणी ओतलं. टोळीतल्या सॅम्युएल ग्रेगरीने वरच्या मजल्यावर मोलकरणीवर बलात्कार केला. एवढं सगळं करून लूट मिळाली ती तीस पौंडांहूनही कमी.

टोळीतले बरेच जण पकडले गेले आणि फासावर चढले. टर्पिन निसटला आणि रस्त्यांवर वाटमारी करू लागला. मे १७३७ मध्ये त्याने एपिंगच्या जंगलात थॉमस मॉरिस या नोकरमाणसाला गोळी घालून ठार केलं. सरकारने दोनशे पौंडांचं बक्षीस लावलं. त्या जाहिरातीत त्याचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला आहे, असं वर्णन होतं.

मग तो उत्तरेला यॉर्कशरमध्ये गेला आणि जॉन पामर या नावाने घोड्यांचा व्यापारी म्हणून वावरू लागला. घोडे अर्थातच चोरीचे होते. १७३८ च्या ऑक्टोबरात त्याने भर रस्त्यात दुसऱ्याचा कोंबडा गोळी घालून मारला आणि हटकणाऱ्यालाही गोळी घालण्याची धमकी दिली. या क्षुल्लक भांडणातून तो कोठडीत गेला. यॉर्कच्या तुरुंगातून त्याने मेहुण्याला पत्र लिहिलं. तेव्हा टपालखर्च पत्र घेणाऱ्याने द्यायचा असे. मेहुण्याने पैसे भरले नाहीत, पत्र टपालकचेरीत पडून राहिलं, आणि टर्पिनला लिहायला शिकवणाऱ्या जेम्स स्मिथ यांनी ते अक्षर ओळखलं. यॉर्कला जाऊन त्यांनी ‘पामर’ची ओळख पटवली आणि बक्षीस घेतलं.

७ एप्रिल १७३९ रोजी त्याला फाशी झाली. त्यासाठी त्याने नवा कोट आणि नवे जोडे घेतले होते, शोक करायला पाच माणसं भाड्याने आणली होती. जल्लादाशी गप्पा मारून त्याने शिडीवरून स्वतःच उडी टाकली. जमलेल्या गर्दीने पाहिलं ते एवढंच. लॉरेन्स यांचं घर यॉर्कपासून फार दूर होतं.

दंतकथेला धैर्याचा हा एक क्षण पुरला. बाकीचं इतरांकडून आलं. सतराव्या शतकातल्या नेव्हिसन नावाच्या दरोडेखोराबद्दल एक गोष्ट सांगितली जाई. त्याने केंटमध्ये पहाटे लूट केली आणि संध्याकाळी सुमारे दोनशे मैलांवरच्या यॉर्कला पोहोचून आपण गुन्ह्याच्या जागी नव्हतोच असा बनाव केला. ही दौड टर्पिनच्या नावावर चढली. फाशीनंतर पंचाण्णव वर्षांनी, १८३४ मध्ये, हॅरिसन एन्सवर्थ यांच्या ‘रूकवुड’ कादंबरीने तिला कायमचं रूप दिलं: लंडन ते यॉर्क एका दौडीत, आणि धन्यासाठी धावता धावता प्राण सोडणारी काळी घोडी, ब्लॅक बेस. स्वस्त साप्ताहिक कथामालांनी आणि सर्कशींनी तोच प्रसंग घरोघरी नेला. देवीच्या वणांचा खाटीक देखणा, दिलदार शूर झाला.

मला यात कुणा एकाचं कारस्थान दिसत नाही. प्रत्येक सांगणाऱ्याने ऐकताना जड जाणारं थोडं थोडं गाळलं. शेली आजींमुळे वीर छोटा ठरत होता, म्हणून त्या आधी गळल्या. त्यांच्यासोबत मॉरिस आणि ती मोलकरीणही गेली. अशा कथा पारखायची एक रीत मला पटते. जो पराक्रम एका लुटारूवरून उचलून दुसऱ्याला सहज चिकटवता येतो, तो बहुतेक दंतकथेचा असतो. न भरलेला टपालखर्च आणि रस्त्यातला कोंबडा असे तपशील कुणी उसने घेत नाही. तिथे इतिहास सापडतो.

आपल्या ओळखीच्या कुठल्याही बंडखोराची गाथा ऐकताना विचारा की त्याने कुणाला लुटलं, आणि त्या माणसाचं नाव गाथेत आहे का. टर्पिनला अखेर शिक्षा झाली ती घोडेचोरीबद्दल, आणि खटल्यातली ती घोडी व तिचं शिंगरू थॉमस क्रीझी यांचं होतं.