शीटवर ढकलू नकोस

सुऱ्या, गिऱ्हाइकासमोर तुझी अब्रू काढायची नव्हती, म्हणून दुकानात गप्प बसलो. आता वाच. शेवटपर्यंत.

"शीटमध्ये 'बाकी'च दाखवत होतं, मास्टर." हे तू मला सांगतोस? बिल नंबर २१४, पैठणीवरचा ब्लाउज, वायदा १३ नोव्हेंबर. आज १७. चार दिवस उलटले तरी शीट 'उशीर' म्हणत नाही, तेव्हा मनात पाल चुकचुकली नाही? अस्तर अर्धा इंच कमी कापलं गेलं तर तुला लांबून दिसतं. मग हे दिसत नाही कसं? दिसतं. बघायचं नसतं.

G च्या कॉलममध्ये मी जे लिहून दिलंय, ते कधी वाचलंस का?

```
=IF(E2="","",IF(F2<>"","दिली",IF(E2<TODAY(),"उशीर","बाकी")))
```

E मध्ये वायदा, F मध्ये माल दिला ती तारीख. वायदाच नसेल तर सूत्र काही बोलत नाही. F मध्ये काही लिहिलेलं असेल तर 'दिली'. नसेल तर वायदा आजच्या आधीचा आहे का ते बघतं. असला तर 'उशीर', नाहीतर 'बाकी'. `TODAY()` रोज आपोआप पुढे सरकतं, म्हणून कालची 'बाकी' आज कुणी हात न लावता 'उशीर' होते. यात न कळण्यासारखं काय आहे? तुला मापं तोंडपाठ राहतात.

आता तुझे प्रताप. २१४ च्या वायद्यात तू लिहिलंस `13/11 सकाळी`. ते 'सकाळी' कुणासाठी? तारीख म्हणजे शीटच्या लेखी एक आकडा. शब्द घुसला की तो झाला मजकूर. आणि मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच, असं शीट धरून चालते. म्हणजे हा वायदा आजच्या आधीचा कधीच ठरणार नाही. पुढच्या दिवाळीलाही तो ब्लाउज 'बाकी'च! ओळखायला डोळे पुरेत: खरी तारीख कप्प्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. अख्ख्या कॉलममध्ये तो एकटा डावीकडे बसला होता, चार दिवस.

बिल २०९ मध्ये F च्या कप्प्यात काय लिहिलंस? `शिवून झालं`. कप्पा रिकामा राहिला नाही, सूत्र म्हणालं 'दिली'. ब्लाउज खुंटीवर, हुकसुद्धा लावलेले नाहीत. शिवणं म्हणजे देणं का रे? F मध्ये फक्त तारीख, तीही माल गिऱ्हाइकाच्या हातात पडल्यावर.

हे दोन्ही एकवेळ अडाणीपणा म्हणून सोडलं असतं. पण १९८? वायदा ८ तारखेचा होता, तू तो २० केलास. 'उशीर'चा लाल रंग गेला, तुझा जीव भांड्यात पडला. ती बाई थांबली का? तिच्या बिलावर ८ च आहे. आणि कप्प्यावर राइट क्लिक करून `Show edit history` दाबलं की कुणी, कधी, काय बदललं ते सगळं दिसतं. मी दाबलं. इतकी हुशारी ओव्हरलॉकवर खर्च केली असतीस तर ऑर्डर वेळेत गेली असती.

यापुढे E मध्ये एकदा भरलेल्या तारखेला हात लावायचा नाही. फोन करून नवी तारीख ठरली तर ती H मध्ये. झालेला उशीर दिसलाच पाहिजे. आणि तुझ्यासारख्यांसाठी सूत्रही बदललंय:

```
=IF(E2="","",IF(NOT(ISNUMBER(E2)),"तारीख तपास",IF(ISNUMBER(F2),"दिली",IF(E2<TODAY(),"उशीर","बाकी"))))
```

आता वायद्यात शब्द घुसडलास की तोंडावर 'तारीख तपास' येईल. F मध्ये कथा लिहिलीस तरी 'दिली' होणार नाही. मात्र आठ तारखेच्या ऐवजी अठरा टाकलीस, तर ते कुठल्याही सूत्राला कळणार नाही. बिलबुक समोर ठेवूनच तारीख भर.

अजून एक. ज्या दिवशी वायदा, त्या दिवशी सूत्र 'बाकी'च म्हणतं, कारण आज हा आजच्या आधी नसतो. 'उशीर' दिसतो दुसऱ्या दिवशी, म्हणजे शिव्या खाल्ल्यावर. म्हणून सकाळी नुसतं लाल शोधून "सगळं ठीक आहे" म्हणू नकोस. आज किती द्यायचे आहेत ते याने कळतं:

```
=COUNTIFS(E:E,TODAY(),G:G,"बाकी")
```

तुळशीचं लग्न होऊन गेलंय, लग्नाचे ब्लाउज येतच राहणार. उद्या मशीनला हात लावायच्या आधी २१४ ची डावीकडे चिकटलेली तारीख सुधार, १९८ वर ८ तारीख परत टाक, आणि त्या बाईंना फोन तूच कर. मी करणार नाही.