खाल्ल्यानंतर तो काय करील?

एका शालेय स्पर्धेत पट आवरता आवरता माझे एक प्रशिक्षक मित्र म्हणाले, “हरलेला डाव इंजिनला दाखवायचा. कुठं चुकलं ते लाल खुणेसकट दिसतं, बरोबर चालही दिसते. नवशिक्या पोरांनी त्यात आणखी काय खणायचं?” बोलणं तिथंच थांबलं, पण ते वाक्य मला सोडेना. कारण अशा लाल खुणा पाहून, मान डोलावून, पुढच्याच आठवड्यात तसाच हरणारी मुलं मी कितीतरी पाहिली आहेत. आणि ‘तसाच’ म्हणजे नेमकं कसा, हे त्या खुणेत कुठंच लिहिलेलं नसतं.

हरलेला डाव पुन्हा पाहावा, चाली लिहून ठेवाव्यात, इंजिन माणसापेक्षा कितीतरी चांगलं खेळतं, हे सगळं वाचकांना माहीत आहे. मला बोलायचं आहे ते एका फरकाबद्दल. चूक पटावर एका घरात दिसते, पण ती घडलेली असते त्याच्या आधी, खेळणाऱ्याच्या नजरेत. इंजिन पटावरची चूक दाखवतं. नजर त्या क्षणी कुठं होती आणि कुठं नव्हती, हे त्याला कळायला मार्ग नाही. ते फक्त खेळणाऱ्यालाच सांगता येतं, आणि तेही आठवण ताजी असेपर्यंत.

एका विद्यार्थिनीचे तीन डाव घेऊ. पहिल्यात ती पांढऱ्या सोंगट्यांनी खेळत होती. दोन्ही बाजूंनी राजापुढचं प्यादं दोन घरं, मग तिचा घोडा f3 वर, त्याचा c6 वर, तिचा उंट c4 वर. इथं काळ्याचा घोडा c6 वरून उडी मारून d4 वर आला. e5 च्या प्याद्याची राखण करणारा तोच होता, म्हणजे प्यादं उघडं पडलं. तिनं ते घोड्यानं खाल्लं. काळ्याचा वजीर g5 वर आला. आता त्याची नजर तिच्या घोड्यावरही होती आणि g2 च्या प्याद्यावरही. तिनं घोडा f7 वर घालून आणखी एक प्यादं खाल्लं, कारण तिथून वजीर आणि हत्ती दोन्ही मारात येत होते. वजिरानं g2 खाल्लं, तिनं हत्ती f1 वर सरकवला, वजिरानं e4 खाऊन शह दिला, तिनं उंट e2 वर आडवा घातला आणि काळ्याचा घोडा f3 वर येऊन मात झाली. उंट वजिराच्या रेषेत अडकलेला, त्यामुळे घोड्याला मारणार कोण?

दुसऱ्या डावात ती काळ्या सोंगट्यांनी खेळत होती. तिचा उंट g4 वर होता आणि f3 वरच्या पांढऱ्या घोड्याला त्यानं जागीच जखडलं होतं, कारण त्या घोड्यामागं पांढरा वजीर होता. तरीही तो घोडा हलला आणि त्यानं e5 चं प्यादं खाल्लं. तिनं लगेच वजीर मारला. पांढऱ्या उंटानं f7 खाऊन शह दिला, राजाला e7 शिवाय घर नव्हतं, आणि दुसरा घोडा d5 वर येऊन मात. अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या लेगालच्या नावानं ओळखला जाणारा हा सापळा आहे.

तिसरा डाव लांब चालला. शेवटी फक्त हत्ती आणि प्यादी उरली. तिचा राजा g1 वर, त्याच्यापुढं तीन प्यादी जागची न हललेली. तिचा हत्ती a1 वरून पहिली ओळ राखत होता. समोर a7 चं प्यादं उघडं दिसलं, हत्तीनं जाऊन ते खाल्लं, आणि काळा हत्ती d8 वरून d1 वर उतरला. मात.

इंजिनला विचारलं तर हे तीन वेगवेगळे आजार आहेत. त्यावर तीन वेगवेगळी औषधं मिळतात: सुरुवातीचा पहिला सापळा पाठ कर, लेगालचा सापळा ओळखायला शीक, शेवटच्या डावात राजापुढचं एखादं प्यादं एक घर पुढं सारून त्याला पळायला वाट ठेव. तिन्ही सल्ले खरे आहेत. पण चौथ्या डावात ती चौथ्याच प्रकारे हरेल, कारण तिन्ही वेळा नजरेनं केलेलं काम एकच होतं आणि त्याला कुणी हात लावलेला नाही.

ते शोधायला मी मुलांना इंजिन उघडण्याआधी एक कोरा कागद देतो. डाव संपला त्याच दिवशी आपल्या महत्त्वाच्या चालींपुढं लिहायचं: ही चाल खेळताना समोरचा काय खेळेल असं मला वाटलं होतं? शेजारी, तो प्रत्यक्षात काय खेळला. यात ‘घाई झाली’, ‘लक्ष नव्हतं’ असं लिहू देत नाही. ते खरं असलं तरी त्यातून पुढच्या डावात पटासमोर बसून करण्याजोगं काही निघत नाही. या मुलीच्या कागदावर f7 च्या चालीपुढं लिहिलेलं होतं, “वजीर पळेल, मग हत्ती खाईन.” बाकी तिन्ही ठिकाणी, e5 चं प्यादं, वजीर आणि a7 चं प्यादं खाताना, अपेक्षेची जागा कोरी होती. माझ्या मते त्या कोऱ्या जागा इंजिनच्या खुणांपेक्षा जास्त बोलतात.

तिनं स्वतः काढलेला पहिला निष्कर्ष होता, “मी खायला धावते.” ऐकायला अगदी बरोबर वाटतं, पण पटावर तपासला की टिकत नाही. पहिल्या डावात, काळा घोडा d4 वर आला तेव्हा, तो आपल्या घोड्यानं मारणं ही पांढऱ्याची चांगली चाल होती. तेही खाणंच. दुसऱ्या डावात वजीर सोडून e5 वर आलेला घोडा प्याद्यानं मारायला हवा होता. मग पांढऱ्या वजिरानं g4 चा उंट मारला असता आणि काळ्याचं एकाच प्याद्याचं नुकसान झालं असतं. तेही खाणंच. म्हणजे ‘खाऊ नकोस’ हा धडा चुकीचा आहे, आणि तो दिला की लगेच दिसतो: पुढच्या काही डावांत मूल फुकट पडलेली सोंगटीही मारत नाही, घाबरून बाजूला एखादं प्यादं हलवत बसतं. एक दुखणं गेलं नाही, दुसरं मात्र आलं, असं झालं की निदान चुकलं समजावं. नेमकं निदान असं होतं: खाल्ल्यानंतर समोरच्याचा शह किंवा मारा कुठून येऊ शकतो, हे ती बघत नाही. जिच्यावर हल्ला झाला ती सोंगटी पळेल, एवढंच ती धरून चालते. याचा प्रश्न करता येतो आणि तो पटासमोर बसून विचारता येतो: मी खाल्लं, आता तो कुठून शह देऊ शकतो किंवा मारा करू शकतो?

इथं माझ्या मित्रांचा दुसरा मुद्दा येतो, आणि तो जास्त वजनदार आहे. ते म्हणतात, नवशिक्याच्या चुकांना आकार नसतोच. तो सोंगट्या फुकट देतो, एवढंच. त्याला रोज कोडी सोडवायला द्या, डोळा तयार होईल. अगदी पहिल्या काही महिन्यांपुरतं मला हे मान्य आहे. ज्या मुलाला घोड्याची चाल आठवावी लागते त्याच्या कागदावर काहीही सापडणार नाही. पण त्यापुढं कोडी अपुरी पडतात, कारण कोड्यात चाल तुमची असते आणि इथं काहीतरी मिळणार आहे हे आधीच ठाऊक असतं. समोरचा काय मिळवू शकतो, हे विचारणारी कोडी क्वचितच दिली जातात. आमच्या या मुलीनं कोडी भरपूर सोडवली होती. f7 वर घोडा घालून दोन मोठ्या सोंगट्या मारात आणणं ही तिला कोड्यांनीच लावलेली नजर होती.

आणि चुकीला आकार असतो, हे फक्त नवशिक्यांपुरतं नाही. मिखाईल बोटविनिक १९५७ मध्ये स्मिस्लोव्हकडून जगज्जेतेपद हरला आणि १९५८ मध्ये त्यानं ते परत मिळवलं. १९६० मध्ये तालकडून हरला, १९६१ मध्ये पुन्हा परत मिळवलं. आपल्या डावांवर सविस्तर टिपणं लिहून ती छापावीत, म्हणजे लोक चुका काढतात, असा त्याचा आग्रह असे. मला त्याची आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. वेळ अपुरा पडतो हे दुखणं असेल तर त्यानं सुचवलेला उपाय असा, की सरावाचे डाव खेळावेत, त्यात निकालाकडं दुर्लक्ष करावं आणि लक्ष फक्त घड्याळावर ठेवावं. समोरच्यानं तोंडावर धूर सोडला की त्रास होतो हे ओळखून त्यानं रागोझिनबरोबर धुरातच सरावाचे डाव खेळले. चाल सुधारण्यासाठी नव्हे, स्वतःत सापडलेल्या एका नेमक्या गोष्टीसाठी आखलेला हा सराव होता. तोच मार्ग नवशिक्याला लागू पडतो: काही डाव असे खेळायचे की जिंकणं-हरणं बाजूला, प्रत्येक वेळी खाण्याआधी फक्त तो एक प्रश्न.

इथवर माझं म्हणणं हरलेल्या डावांपुरतंच होतं. तिथंच शिक्षण आहे, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. पण या मुलीच्या कागदांची चळत वाढत गेली तशी मला एक अडचण दिसू लागली. तीन डावांवरून फक्त संशय घेता येतो. दहा-बारा डाव झाले की खात्री करावीशी वाटते, आणि ती हरलेल्या डावांतून होतच नाही. तिच्या हरलेल्या डावांत आणखी एक गोष्ट वारंवार होती: वजीर फार लवकर बाहेर. हेही मूळ मानावं का? जिंकलेले डाव काढले तेव्हा वजीर तिथंही तितकाच लवकर बाहेर आलेला दिसला. तेवढ्यावर तो दोषमुक्त ठरत नाही, पण हरण्याचं कारण म्हणून त्याच्याकडं बोट दाखवायला आधार उरला नाही.

मग ‘न विचारता खाणं’ तिथं शोधलं. तेही होतं. फरक असा, की प्रत्येक ठिकाणी थांबून समोरच्याला काय करता आलं असतं ते पाहिलं तेव्हा दोन डावांत सरळ मात उभी होती आणि ती प्रतिस्पर्ध्याला दिसली नव्हती. त्या दोन डावांच्या कागदांवरही अपेक्षेची जागा कोरीच होती. समोर जरा बरा खेळाडू असता तर ते दोन डाव हरलेल्या चळतीत गेले असते. निकाल कुठल्या चळतीत पडतो, हे निम्मं समोरच्यावर असतं. खोड मात्र पूर्णपणे आपली असते.

त्यामुळे आता मी मुलांना हरलेल्या डावापासून सुरुवात करायला सांगतो, कारण तिथं नजर कुठं चुकली हे सांगायची तयारी असते. पण संशयाला नाव मिळालं की पुढची तपासणी जिंकलेल्या डावांत करायची, तिथल्या प्रत्येक खाण्यापाशी थांबून, समोरच्याच्या बाजूनं बसून. मित्रांना हे सांगितलं तर ते म्हणतील की जिंकलेल्या डावालाही इंजिन लावा, तिथंही खुणा दिसतील. दिसतील. त्या दोन हुकलेल्या मातींवर इंजिनची खूण आहेच, फक्त ती प्रतिस्पर्ध्याच्या चालीसमोर आहे, आणि मुलगी आपल्या नावाच्या खुणा तेवढ्या बघून तो डाव मिटवून टाकते.