रवाना झालेल्या निबंधातील अनुल्लेख

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना जी विषबाधा झाली आणि जिच्यात सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, तिच्याविषयी येथील एखाद्या महाविद्यालयातील अध्यापिकेने शोधनिबंध लिहून तो नियतकालिकाकडे रीतसर रवाना केला, आणि पुढे आपली टिपणवही चाळताना तिच्या ध्यानी आले की मृतांचा आकडा आपण एका वर्तमानपत्रातून उचलला असून त्याचा निर्देश कोठेच केलेला नाही, व कीटकनाशकांच्या परिणामांविषयीचा एक अखंड परिच्छेद तर इंग्रजी लेखाचा जवळजवळ शब्दशः अनुवाद आहे, असे घटकाभर गृहीत धरू. परीक्षकांचा अभिप्राय अद्याप आलेला नाही आणि ही गोष्ट तिच्यावाचून कोणालाही ठाऊक नाही.

अशा वेळी मनाला पहिला दिलासा मिळतो तो साम्यतपासणीच्या अहवालाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि निबंधाचे साम्य सातच टक्के भरले आहे! परंतु ही तपासणी मुख्यत्वे अक्षरांशी अक्षरे जुळवून पाहते. इंग्रजीतून मराठीत आणलेला परिच्छेद तिच्या नजरेतून सहसा निसटतो, आणि निराधार आकडा तर तिला दिसण्याचे कारणच नाही. म्हणून त्या सात टक्क्यांनी या दोन दोषांविषयी काहीही सिद्ध होत नाही.

दोष नेमका कोणाचे नुकसान करतो, हे समजण्यास एक सार्वजनिक उदाहरण उपयोगी पडेल. औषधांच्या पेटंटविषयी केंद्र सरकारने नेमलेल्या, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने डिसेंबर २००६ मध्ये अहवाल सादर केला. त्यातील काही मजकूर शमनाद बशीर यांच्या निबंधातून निर्देशावाचून आल्याचे फेब्रुवारी २००७ मध्ये इतरांनी उघडकीस आणले, तेव्हा माशेलकरांनी अहवाल परत घेतला, आणि दुरुस्त अहवाल सादर होण्यास मार्च २००९ उजाडला. त्या चुकीमागे दुष्ट हेतू होता असे मानण्याचे मला कारण दिसत नाही. पण बशीर यांच्या मूळ अभ्यासास बड्या औषध कंपन्यांच्या एका संघटनेचे अर्थसाह्य होते, आणि निर्देश गळाल्यामुळे वाचकाला त्या मताचे वजन करण्याचे साधनच उरले नाही. माझ्या मते मूळ लेखकाच्या मानापेक्षाही ही हानी मोठी आहे.

यवतमाळच्या आकड्यालाही तेच लागू पडते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दप्तरातील नोंद त्या रुग्णालयात दाखल झालेल्यांची असते. घरी किंवा खाजगी दवाखान्यात दगावलेला मजूर तिच्यात येईलच असे नाही, तर वार्ताहर गावोगाव फिरून कदाचित त्यालाही मोजतो. गणना कोणाची, हे सांगितल्याखेरीज त्या आकड्यावर रचलेला निष्कर्ष वाचकाने कशाच्या आधारे पारखावा?

तेव्हा संपादकांस कळवावयाचे, हे उघड आहे. मात्र कळविण्यापूर्वी सबंध निबंध टिपणांशी ओळीओळीने ताडून पाहावा, कारण एका दुरुस्तीपत्रामागून दुसरे गेले की पहिल्याने मिळविलेला विश्वास ओसरतो. जेथे केवळ आधार नमूद करावयाचा राहिला तेथे तो नमूद करून भागते. अनुवादित परिच्छेदाखाली मात्र नुसते नाव घालून भागत नाही. तो अवतरणचिन्हांत अनुवाद म्हणून द्यावा, नाहीतर मूळ लेख मिटून ठेवून आपल्या समजुतीने नव्याने लिहावा आणि तरीही त्याचा निर्देश करावा. पत्रात निबंधाचा नोंदणी क्रमांक, प्रत्येक स्थळाचे पृष्ठ व ओळ, मूळ व दुरुस्त पाठ, आणि निष्कर्ष बदलतो की नाही याचा स्पष्ट खुलासा असावा. कारणमीमांसेला एक वाक्य पुरे. परीक्षकांच्या सूचनांनंतर सुधारित मसुदा पाठविताना गुपचूप भर घालणे, ही सर्वांत सोयीची वाट, मी त्याज्य मानतो. परीक्षकांनी जो पाठ तपासला त्यात काय बदलले, हे जाणण्याचा त्यांचा अधिकार त्यामुळे बुडतो. निबंध छापून गेला असेल तर शुद्धिपत्राची विनंती करावी, आणि युक्तिवादाचा कणाच परक्याचा निघाला तर निबंध मागे घ्यावा. प्रबंधाच्या बाबतीत मार्गदर्शकांना व विद्यापीठाला लेखी कळविणे पदवी मिळण्यापूर्वीच उरकावे, कारण त्यानंतर तो शोधगंगेच्या संग्रहात सर्वांसाठी खुला होतो.

खरी अडचण बहुधा सहलेखकापाशी येते. पत्र सर्वांच्या संमतीने जाणे इष्ट असते, आणि ज्येष्ठ सहलेखक म्हणतात, “मॅडम, कोणी विचारले तर बघू.” त्यांना दुरुस्तीचा तक्ता दाखवून, उत्तरासाठी आठवड्याची मुदत द्यावी, तरीही ते राजी झाले नाहीत तर तिने स्वतः लिहिलेल्या भागापुरते पत्र आपल्या एकटीच्या सहीने पाठवावे, त्याची प्रत त्यांना द्यावी, आणि त्यांची संमती नसल्याचे त्याच पत्रात नमूद करून पुढील निर्णय संपादकांवर सोपवावा.