आधी रेघ, मग शब्द

जंजिरे धारावी किल्ल्याजवळच्या चौक गावातून भाईंदरच्या शाळेत जाणाऱ्या मुलांचं घड्याळ बसवर चालतं. त्यामुळे घरच्यांना विषयांच्या क्रमापेक्षा कोणता तास कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे कळायला हवं असतं. वर्गाच्या ग्रुपवर मात्र वेळापत्रकाचा फोटो येतो. त्यात वेळा डावीकडच्या पट्टीत असतात, वार वर आणि विषय मध्ये. प्रत्येक विषयाला त्याची वेळ जोडून यादी करायची, एवढंच काम. पण जोडतास आला की ते अडतं.

समजा, शाळा ७:१० ला भरते, ३५ मिनिटांचे आठ तास होतात आणि चौथ्या तासानंतर ९:३० ते ९:५० मधली सुट्टी असते. गुरुवारी पाचव्या आणि सहाव्या तासाची घरं एकत्र करून त्यात 'विज्ञान प्रात्यक्षिक' लिहिलंय. हे शब्द मोठ्या घराच्या मधोमध, म्हणजे दोन्ही तासांच्या सीमेवर येतात. फोटोतला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर किंवा घाईतला माणूस ते एकाच तासात टाकतो. मग प्रात्यक्षिक १०:२५ ला संपतं आणि सहावा तास मोकळा दिसतो. खरं तर दोन्ही तासांच्या मधली आडवी रेघ त्या घरात पुसलेली असते. म्हणून आधी रेघा वाचायच्या. रेघ नसेल तिथे पहिल्या तासाची सुरुवात आणि शेवटच्या तासाचा शेवट घ्यायचा: ९:५० ते ११:००. रेघ असेल आणि घर कोरं असेल, तर तो तास खरोखरच मोकळा.

फोटो तिरका असेल तर उजवीकडच्या रेघा खाली उतरतात आणि शनिवारचा सहावा तास सातव्यासमोर दिसतो. म्हणून तक्त्याचे चार कोपरे पकडून आधी फोटो सरळ करावा.

चित्रकला चौथ्या-पाचव्या तासाला असेल, तर मधली सुट्टी आत सापडते. तिथे ८:५५ ते १०:२५ अशी एकच नोंद केली की मूल सुट्टीतही वर्गातच दिसतं. ८:५५ ते ९:३० आणि ९:५० ते १०:२५ अशा दोन नोंदी कराव्यात. उलट, एकाच विषयाची दोन घरं रेघेने वेगळी असतील तर ती जोडू नयेत. शिक्षक वेगळे असू शकतात.

शेवटी प्रत्येक वाराची बेरीज करावी. तासांची २८० आणि सुट्टीची २० मिळून ३०० मिनिटं, म्हणजे ७:१० ते १२:१०. मोकळा तासही यात धरायचा. मधली सुट्टीही एक नोंद धरली, तर प्रत्येक नोंदीचा शेवट पुढच्या नोंदीच्या सुरुवातीला भिडला पाहिजे. मध्ये ३५ मिनिटांची फट उरली, तर बहुधा एक जोडतास अर्धाच वाचला गेलाय. मात्र विषय चुकीच्या वारात पडला असेल, तर बेरीज ते सांगत नाही. ती चूक शोधायला प्रत्येक रकाना वरून खाली पुन्हा वाचावाच लागतो.