दोन रागांमधला वेळ

एखाद्या महालासमोरच्या उघड्या रंगमंचावरची मैफल असो किंवा शहरातल्या एखाद्या बंद सभागृहातली, तिचं चित्रीकरण घरी बसून पाहणाऱ्याला सर्वांत जास्त खटकतो तो दोन रागांमधला मिनिटभराचा वेळ. गाणं चालू असताना श्रोते श्वास रोखून बसलेले असतात. राग संपला, टाळ्या ओसरल्या, की इतका वेळ दाबून धरलेले खोकले एकदम बाहेर पडतात आणि खुर्च्या सरकतात. संकलन करणाऱ्याला हे मिनिट कापून टाकण्याचा मोह होतो. पहिला राग संपला की आवाज शून्यावर आणायचा आणि लगेच दुसरा राग सुरू करायचा. माझं म्हणणं असं, की खोकला काढावा, पण ते मिनिट काढू नये. आणि खोकल्याच्या जागी शांतता न भरता त्याच मिनिटातला आवाज भरावा.

याचं कारण हिंदुस्तानी मैफलीतच आहे. पाश्चात्त्य पियानोवादनात दोन रचनांमध्ये वाद्य खरोखर थांबतं. आपल्याकडे तानपुरा थांबत नाही. समजा, गायकाने यमन संपवला आणि पुढे बागेश्री घेतला. यमनाला तानपुऱ्याची पहिली तार सहसा पंचमात असते, बागेश्रीला अनेक गायक ती मध्यमात लावून घेतात. म्हणजे मधल्या वेळात एक तार उतरते, तबलावादक हातोडीने तबला पुन्हा पारखतो, गायक घोटभर पाणी पितो आणि कान नव्या स्वराला जुळवून घेतो. ऐकणाऱ्याचा कानही तेव्हाच यमनातून बाहेर येतो. हा वेळ उडवला तर बागेश्रीचा कोमल गंधार यमनाच्या शुद्ध गंधारावर आदळतो, आणि मैफलीत कुणालाही न बसलेला धक्का घरच्या श्रोत्याला बसतो.

शून्य शांतता का चालत नाही, हे ऐकून लगेच कळतं. कुठलंही सभागृह पूर्ण शांत नसतं. वातानुकूलन यंत्राचा बारीक गुंजारव, माणसांच्या हालचालीची सळसळ, तानपुऱ्याचा झंकार हे सगळं कायम चालू असतं. आपल्याला ते जाणवत नाही, पण क्षणभर तुटलं की लगेच जाणवतं. खोकल्याच्या अर्ध्या सेकंदात आवाज शून्य केला तर खोकल्याऐवजी एक भोक ऐकू येतं, आणि ते खोकल्यापेक्षा जास्त लक्ष वेधतं. शिवाय खोकला अर्ध्या सेकंदात संपत नाही. त्याचा घुमारा बंद सभागृहात सेकंदभर रेंगाळतो. मूळ ठसका काढला आणि घुमारा ठेवला, तर कुठूनही न आलेला आवाज भिंतींवरून परत येताना ऐकू येतो.

म्हणून ठिगळ लावायचं ते त्याच कापडातलं. चार तारांचा तानपुरा पहिली तार, मग जोडाच्या दोन तारा, मग खर्ज अशा क्रमाने सावकाश फिरतो, आणि एका फेऱ्याला चारपाच सेकंद लागतात. खोकला जोडाच्या पहिल्या तारेवर पडला असेल, तर त्याच मिनिटातल्या दुसऱ्या एखाद्या फेऱ्यातला जोडाच्या पहिल्या तारेचा स्वच्छ आवाज उचलायचा आणि तार छेडल्याच्या क्षणापासून पुढच्या छेडीपर्यंतचा पूर्ण तुकडा बसवायचा. सांधा छेडीच्या किंचित आधी घ्यायचा, कारण नव्या छेडीचा जोर सांध्याला झाकतो. घुमारा पुढच्या तारेवर गेला असेल, तर तीही तार बदलायची. एकच तुकडा पुन्हा पुन्हा वापरला तर कान तो ओळखतो, म्हणून प्रत्येक खोकल्याला वेगळा फेरा शोधावा लागतो. तार मध्यमात लागल्यानंतरच्या खोकल्यासाठी मात्र आधीच्या पंचमाचा तुकडा चालणार नाही. तो बागेश्रीच्या आलापाआधीच्या फेऱ्यांतूनच घ्यायला हवा.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दोन तानपुरे असतील तर त्यांचे फेरे एकमेकांशी जुळलेले नसतात, आणि एकाचा तुकडा बरोबर बसला तर दुसऱ्याचा चुकतो. अशा वेळी आवाजाचा आलेख पडद्यावर काढून काम करावं लागतं. त्यात तानपुऱ्याचे स्वर आडव्या रेघांसारखे दिसतात आणि खोकला उभ्या डागासारखा. रेघा तशाच ठेवून मधला डाग फिका करता येतो. खोकला पूर्ण पुसायच्या मागे लागलं की जवारीही खरवडली जाते आणि तानपुरा पाण्याखालून वाजल्यासारखा होतो. लक्ष जाणार नाही इतपत खोकल्याला खाली आणलं की पुरे. खुर्चीचा आवाज याहून कठीण. फरशीवर ओढलेली खुर्ची किंचाळते, तेव्हा तिच्या तिरप्या, वळणदार रेघा स्वरांच्या रेघांना छेदून जातात आणि त्या वेगळ्या करता येत नाहीत. तिथे तुकडा बदलणं हाच उपाय. नाट्यगृहात जमिनीला पक्क्या केलेल्या खुर्च्यांची बैठक उठताना पाठीवर आपटते. तो ठोका छोटा असल्याने सहज निघतो. आणि तार उतरत असतानाच कुणी खोकलं, तर काहीच करता येत नाही, कारण सरकता स्वर दुसरीकडे कुठेही पुन्हा सापडत नाही. तो खोकला ठेवावा.

मोकळ्या मैदानातलं ध्वनिमुद्रण वेगळं. तिथे भिंतींचा घुमारा नसतो, मातीवर सरकलेली खुर्चीही फारशी ऐकू येत नाही. पण वारा, किडे, रस्त्यावरच्या गाड्या दर मिनिटाला बदलतात, त्यामुळे तासाभरापूर्वीचा तुकडा आताच्या जागेवर उपरा वाटतो.

चित्राची अट आणखी कडक. सेकंदाला २५ चौकटी म्हणजे एक चौकट ४० मिलिसेकंदांची. लावलेला तुकडा दोनतीन चौकटी पुढेमागे झाला आणि पडद्यावर तानपुरा छेडणारी बोटं दिसत असतील, तर चूक डोळ्यांना पकडता येते. समोरच्या रांगेतला माणूस तोंडावर रुमाल धरून खोकताना दिसतो आणि आवाज मात्र येत नाही, हे तर पाहणाऱ्याला अस्वस्थच करतं. तिथे दुसऱ्या कॅमेऱ्याचं दृश्य घ्यावं, नाहीतर खोकला राहू द्यावा.

यावर कुणी म्हणेल, ही दस्तऐवजाशी छेडछाड आहे. स्वियातोस्लाव रिख्तर यांच्या १९५८ च्या सोफियातल्या पियानोवादनात श्रोते सतत खोकतात, तरी ते ध्वनिमुद्रण आजही श्रेष्ठ मानलं जातं. आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण हात न लावता जपून ठेवणं आणि प्रसिद्ध प्रत दुरुस्त केलेली असल्याचं तिच्यावर नोंदवणं. पण सोफियातले खोकले वादनाच्या अंगात मिसळलेले आहेत. मी बोलतो आहे तो गाण्याबाहेरच्या वेळाबद्दल, आणि तिथे काय राहिलं पाहिजे हे गायकाच्या कामावरून ठरतं. म्हणूनच गायकाने स्वतः घसा साफ केला, तर तो आवाज मी काढणार नाही. तो पुढच्या षड्जाच्या तयारीचा भाग आहे.

दुसरा आक्षेप पाहणाऱ्यांच्या घाईचा. लोक हे मिनिट ओलांडून पुढे जातातच, मग त्यावर इतके तास कशाला घालवायचे? पण ज्याला पुढे जायचं आहे तो एका बोटाने जाऊ शकतो. ज्याला थांबायचं आहे, त्याला कापून टाकलेलं मिनिट परत मिळत नाही. फार लांबलेलं असेल, निवेदक पाहुण्यांची नावं वाचत असेल, तर तेवढा भाग चित्रासह खुशाल कापावा. तार पंचमातून मध्यमात उतरते तो भाग मात्र पूर्ण हवा, मग त्यात दोन खोकले राहिले तरी चालतील.