मनीच्या हनुवटीबद्दल भाचीला

अकोला

चि. बाई हिस,



मनीची हनुवटी घासणं आजपासून बंद कर, हे आधी सांगतो. तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. खालच्या ओठाच्या कडेला नि हनुवटीच्या मध्यावर काळे बारीक कण आहेत, ते केसांच्या बुडाशी बसलेले आहेत, आणि डाव्या बाजूला एकच तांबूस खपली आहे. ती खपली ब्रश फिरवलास तिथंच धरलेली दिसते. "रोज पुसते तरी मळ निघत नाही," असं तू लिहिलंस. निघणार नाही, कारण तो मळ नाहीच. माणसाच्या नाकावर येतात तसे ते ब्लॅकहेड्स आहेत. डॉक्टर मंडळी याला मांजरीचं अॅक्ने म्हणतात.

मांजरीच्या हनुवटीत तेलग्रंथी फार असतात. मनी दाराच्या चौकटीला, खाटेच्या पायाला, तुझ्या पायाला हनुवटी घासते ना? ती आपला वास तिथं लावून ठेवते, आणि तो वास याच ग्रंथींतून येतो. केसाच्या मुळाशी हे तेल नि त्वचेचा झडलेला थर एकत्र साचला की छिद्राला बूच बसतं. उघड्या हवेत त्या बुचाचं तोंड काळं पडतं. अंगभर चाटून स्वच्छ राहणाऱ्या मांजरीची जीभ नेमकी हनुवटीच्या खाली नीट पोचत नाही, म्हणून साचलेलं तिथंच राहतं. हे कोणत्याही वयात होतं, बोक्याला होतं तसं मांजरीलाही होतं. पुन्हापुन्हा येण्याचीही खोड असते.

आता भांड्याचं. श्रीखंडाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यात दूध-पोळी नि बाजूला कापलेल्या डब्यात पाणी, असं तुमच्याकडे चालतं. तू विचारलंस, बोकाही त्याच डब्यात खातो, मग त्याला काहून नाही? बरोबर विचारलंस. प्लॅस्टिक हे एकमेव कारण असतं तर दोघांनाही झालं असतं. मनीची त्वचा मुळात तशी आहे, भांडं फक्त त्यात भर घालतं. तारेच्या घासणीनं घासून घासून त्या डब्याला आतून चरे पडतात. त्या चऱ्यांत दुधाची साय आणि जंतू चिकटून राहतात, वरवर धुतलं तरी निघत नाहीत. डबा खोल असला की मांजर हनुवटी त्यात बुडवूनच खाते, आणि रोज तीच चिकट कड हनुवटीला लागते. काही मांजरींना प्लॅस्टिकचाच त्रास होत असावा, असंही म्हणतात, पण ते पक्कं सिद्ध झालेलं नाही. प्लॅस्टिकमध्ये जन्मभर खाऊन हनुवटी स्वच्छ असलेली मांजरंही भरपूर आहेत. म्हणून भांडं बदललं की रोग गेलाच, असं मी म्हणणार नाही. पण या उपायाला पैसा लागत नाही नि धोकाही नाही, तेव्हा पहिला तोच करायचा.

घरातली स्टीलची उथळ, पसरट ताटली घे. काचेची किंवा गुळगुळीत चिनीमातीची बशीही चालेल. कड उडालेली बशी नको, आणि जर्मलचं जुनं भांडंही नको, त्यालाही चरे पडतात. खाण्याचं आणि पाण्याचं, दोन्ही भांडी एकाच दिवशी बदल. बहुतेक जण खाण्याचं बदलतात, पाण्याचा डबा तसाच राहतो, आणि मग म्हणतात फरक पडला नाही. शेजारच्या ओट्यावर मनीसाठी ठेवलेलं पाणीही कशात आहे ते बघ. आपल्याकडचं मांजर एका घरचं कधीच नसतं. ताटली रोज गरम पाण्यानं नि भांड्याच्या साबणानं धू, साबण राहू देऊ नकोस. दूध-पोळी उरली तर तासाभरात उचल. तिवसा काय नि अकोला काय, आपल्या वऱ्हाडच्या उन्हात ती लगेच आंबते, आणि तेच पुन्हा हनुवटीला लागतं.

दुसरं काम शेक. जुन्या धोतराचा मऊ तुकडा कोमट पाण्यात बुडवून पीळ, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघ, आणि मग मनीच्या हनुवटीवर तीन-चार मिनिटं नुसता धरून ठेव. दिवसातून दोनदा, शक्यतो खाणं झाल्यावर. मग कोरड्या तुकड्यानं टिपून कोरडं कर. टिपायचं, घासायचं नाही. काळे कण नखानं काढायचे नाहीत, पिळायचेही नाहीत. पिळलं की बूच बाहेर येण्याऐवजी आत फुटतं, त्वचेखाली सूज येते आणि साधा काळा कण पुवाची गाठ होऊन बसतो. खपलीही ओढू नकोस. शेकानं ती मऊ होते आणि आपोआप सुटते. मनी चिडली तर सोडून दे, संध्याकाळी पुन्हा धर. जबरदस्तीनं शेकलेलं मांजर दुसऱ्या दिवशी टॉवेल दिसताच माळ्यावर जाऊन बसतं.

घरातून जे सुचवलं जाईल त्याचंही सांगतो. आजी म्हणेल, "हळद-तेल लाव व माय." आजीला माझा नमस्कार सांग, पण तेल लावू नकोस. छिद्र तेलानंच बुजलेलं आहे, त्यावर खोबरेल म्हणजे बुचावर दुसरं बूच. शिवाय हळदीनं हनुवटी पिवळी झाली की कण दिसेनासे होतात आणि लाली वाढली की कमी झाली, हे कळत नाही. डेटॉल तर घरातल्या कोणालाही लावू देऊ नकोस. त्यातलं क्लोरोझायलेनॉल मांजरीला विषारी आहे, आणि हनुवटीवर लावलेलं पंजामार्गे पोटात जातंच. सॅव्हलॉनमध्ये सेट्रिमाइड असतं, त्यानं मांजरीचं तोंड नि जीभ सोलते. कापूर, टी-ट्री तेल, मुरमांवरचं सॅलिसिलिक अॅसिडचं क्रीमही नको. आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी खाजेची मलमं सगळ्यांत वाईट. त्यांत बरेचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस लाली कमी दिसते, पण आत गजकर्ण असलं तर त्याला मोकळं रान मिळतं.

गजकर्णाचं नाव उगाच काढलं नाही. हनुवटीवर खपली दिसली की ती अॅक्नेचीच, असं धरून चालायचं नाही. आधी पिसवांची शंका दूर कर. काळे कण कंगव्यानं पांढऱ्या ओल्या कागदावर झटक. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, त्यात पचलेलं रक्त असतं. मनीच्या हनुवटीचे कण मात्र केसांच्या मुळाशी घट्ट आहेत, सहज झटकले जाणार नाहीत. गजकर्णात केस तुटतात, गोल टक्कल पडतं, कोंडा दिसतो, आणि घरातल्या मुलांच्या हातावर लाल गोल चट्टे उठू शकतात. तसा चट्टा कोणाच्याही अंगावर दिसला तर मनीला नि त्या मुलाला, दोघांनाही दाखवावं लागेल. खरूज बहुधा कानाच्या कडेपासून सुरू होते, जाड राखाडी खपल्या चेहऱ्यावर पसरतात, आणि मांजर खाजवून खाजवून रक्त काढतं. मनीचे कान फोटोत स्वच्छ आहेत, ती खाजवतही नाही असं तू लिहिलंस. म्हणून आज तरी मी खरजेकडे वळत नाही.

डॉक्टरकडे कधी न्यायचं, हे स्पष्ट लक्षात ठेव. हनुवटी सुजून जाड झाली, पुटकुळ्यांत पू दिसला, रक्त आलं, हात लावू देईना, खाणं कमी झालं, किंवा हनुवटीखाली गाठ लागली, तर शेक देत बसायचं नाही. त्याच दिवशी तिवशाच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. तिथं तपासणीची सोय नसेल तर अमरावतीला ने. डॉक्टर खपलीचा नमुना काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू, यीस्ट नि किडे बघतील. बुरशीची शंका असेल तर कल्चरला पाठवतील, त्याचा निकाल यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. पू खोलवर गेला असेल तर पोटातून प्रतिजैविक द्यावं लागतं, आणि तेही बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही.

डॉक्टरनी क्लोरहेक्सिडिन सांगितलं तर बाटलीवर नुसतं क्लोरहेक्सिडिन लिहिलंय ना, ते बघ. सेट्रिमाइड किंवा अल्कोहोल मिसळलेलं नको. दोन टक्क्यांचं द्रावण असेल तर ५ मिलि औषधात १९५ मिलि उकळून गार केलेलं पाणी घाल. रोज ताजं कर आणि डोळ्यात जाऊ देऊ नकोस. म्युपिरोसिन मलमही कधी देतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ मांजरींना ते दिवसातून दोनदा तीन आठवडे लावलं होतं, आणि त्यांतल्या २४ जणींना चांगला गुण आला. हे वाचून मेडिकलमधून स्वतः आणू नकोस. जंतू नसलेल्या काळ्या कणांना प्रतिजैविकाचा उपयोग नाही. शिवाय मलमाच्या काही प्रकारांचा आधार मूत्रपिंडं दुखावलेल्या मांजरीला चालत नाही. मनीचं वय आता उतरतीकडे आहे, तेव्हा डॉक्टरना तेही सांग.

तुझ्या मनीची आजची अवस्था मी अशी लिहून ठेवतो: काळे कण, सूज नाही, पू नाही, खाज नाही, एक वरवरची खपली. या अवस्थेत औषध नको. नुसते कण असतील आणि मांजर मजेत खात-झोपत असेल, तर काही जणींना शेकाचीही गरज नसते. मनीला तो मी खपलीसाठी सांगतोय. भांडी बदल, ब्रश फेकून दे, दोन वेळा शेक दे. खपली आठवडाभरात सुटावी. काळे कण हळू जातील, तीन-चार आठवडे घेतील, काही राहतीलही. राहिले तर राहू दे. ते संपवायचे नाहीत, त्यांचा पू होऊ द्यायचा नाही, एवढंच काम आहे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा दिसले तर घाबरू नकोस, शेक पुन्हा सुरू कर.

आज एक फोटो काढ, उजेडात, फ्लॅश न लावता, डावीकडून नि समोरून. दोन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी दुसरा काढ आणि दोन्ही मला पाठव. रोज डोळ्यांनी पाहून फरक कळत नाही, शेजारी शेजारी ठेवले की कळतो. लाली वाढलेली दिसली तर मी तुला लिहीनच, पण माझ्या उत्तराची वाट न पाहता दवाखाना गाठ.

दाजींना नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुझा,
मामा