नकार आणि दुसऱ्याचा नंबर

22 जानेवारी 2025 ला संध्याकाळी पाचच्या सुमारास पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडे या स्टेशनांच्या मधे, पुष्पक एक्सप्रेस थांबली. आग लागल्याची अफवा उठली होती, कोणीतरी साखळी ओढली आणि लोक शेजारच्या रुळांवर उतरले. समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान बारा प्रवासी गेले. हा मार्ग भुसावळ विभागातला, त्यामुळे अशा रात्री आमच्या भुसावळ गावातल्या निवृत्त लोको पायलटांचे फोन वाजू लागतात. आमच्या शेजारच्या काकांचा वाजला तेव्हा मी त्यांच्याकडेच बसलो होतो.

वार्ताहर तरुण होता. "काका, दोनच मिनिटं. ड्रायव्हरची चूक होती का, एवढं सांगा. नाव नाही टाकणार." काकांनी पस्तीसएक वर्षं गाड्या चालवल्या, त्यांना बोलायला किती आवडतं हे गल्लीला ठाऊक आहे. तरी ते म्हणाले, "भाऊ, मी त्या कॅबमधे नव्हतो. मला विचारू नको."

"नाव नाही टाकणार" या शब्दाला भुसावळमधे फारसा अर्थ नाही. 'भुसावळ विभागातील एक निवृत्त लोको पायलट' एवढं छापून आलं की दुसऱ्या दिवशी लॉबीत आणि रनिंग रूममधे तो कोण हे चहाच्या आत ठरतं. पण काकांनी नकार दिला तो या भीतीने नाही. अशा अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. हे पद रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नसून नागरी उड्डाण मंत्रालयाच्या अखत्यारीत असतं, ते मुद्दाम. साक्षी, गाडीच्या वेगाची नोंद, वळणावरून पुढचं किती दिसत होतं, हे सगळं तिथे तपासायचं असतं. त्याआधी खुर्चीत बसून चूक ठरवणारा माणूस, मग तो कितीही जुना ड्रायव्हर असो, अंदाजच सांगत असतो.

नकार देणं तसं सोपं, पुढचं अवघड. वार्ताहराने लगेच विचारलं, "मग सध्या ड्युटीवर असलेल्या कुणाचा नंबर द्या." काकांच्या फोनमधे असे नंबर खूप होते आणि त्यातला एकही त्यांनी दिला नाही. नोकरीत असलेल्याला रेल्वे सेवा (आचरण) नियम, 1966 लागू असतात. परवानगीशिवाय खात्याची माहिती बाहेर देणं किंवा सरकारी धोरणावर माध्यमांत टीका करणं त्यात बसत नाही. पत्रकाराची बातमी एका दिवसाची, बोलणाऱ्या पोराची चार्जशीट मात्र वर्षभर चालते. (त्या गाडीच्या ड्रायव्हरचं घर कुठे आहे, हेही कोणीतरी विचारणारच होतं. ते सांगणं मी तर गुन्ह्यात धरतो.)

काकांनी फोन ठेवायला सांगितलं आणि आधी एका जुन्या सहकाऱ्याला लावला. हे गृहस्थ पुढे प्रशिक्षक झाले होते, आता निवृत्त. "तुमचं नाव देऊ का? ब्रेक कसा लागतो एवढंच सांगायचं, अपघातावर बोलायचं नाही." ते हो म्हणाले, पण उद्या सकाळी दहानंतर. मग काकांनी वार्ताहराला मेसेज लिहिला. मी तो वाचला:

"भाऊ, मी बोलणार नाही, कारण मी तिथे नव्हतो. घटनेची अधिकृत माहिती विभागाच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांकडून घ्या. शंभरच्या वेगातली गाडी इमर्जन्सी ब्रेक लावूनही किती पुढे जाते, वळणावर सिग्नल आणि माणूस कधी दिसतो, हे समजून घ्यायचं असेल तर पुढील नंबरवर उद्या दहानंतर फोन करा. त्यांना विचारलं आहे. चूक कोणाची, हे मात्र त्यांना विचारू नका."

या मेसेजमधे मला सगळ्यात मोलाचं शेवटचं वाक्य वाटलं. कारण पुष्कळदा आपण नंबर देतो आणि मोकळे होतो, मग जो प्रश्न आपण टाळला त्याच प्रश्नात पुढचा माणूस अडकतो. आपला नकार त्याच्या अंगावर ढकलला जातो. काकांनी प्रश्नाचेच दोन तुकडे केले. जे कोणीही जाणकार सांगू शकतो ते एकाकडे, जे फक्त चौकशीच सांगू शकते ते चौकशीवरच सोडलं. वार्ताहराचंही काम अडलं नाही. धावत्या गाडीला थांबायला काहीशे मीटर लागतात, हे वाचकाला कळणं 'चूक कोणाची' यापेक्षा त्या दिवशी जास्त उपयोगाचं होतं, कारण रुळावर उतरताना लोकांना नेमकं तेच ठाऊक नसतं.

पत्रकाराचा किंवा पॉडकास्टवाल्याचा असा फोन तुम्हाला आला, तर नाही जरूर म्हणा आणि त्याच दिवशी म्हणा. पण दुसऱ्याचा नंबर देण्याआधी पहिला फोन त्या दुसऱ्यालाच लावा.